5,755 रुपयांचं तिकीट खरं कितीला पडलं होतं?

दोन तिकिटं हवी होती आणि समोर दोन भाव होते. पुनर्विक्रीच्या एका साइटवर एक तिकीट 5,900 रुपयांना दिसत होतं. इन्स्टाग्रामवर एक मुलगा तेच तिकीट 5,500 ला द्यायला तयार होता. त्याचं म्हणणं होतं की त्याला स्वतःला एक तिकीट 5,755 रुपयांना पडलंय, ऐनवेळी परीक्षा आल्यामुळे जाता येत नाही, म्हणून तो अडीचशे रुपयांचं नुकसान सोसून देतोय. कार्यक्रम संगीताचा, नवी मुंबईतला, मोठ्या मैदानावरचा, उभं राहून बघायचा. अधिकृत ॲपवर त्या गटाच्या तिकिटांसमोर सोल्ड आउट लिहिलेलं होतं. कार्यक्रमाचं आणि ॲपचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण त्यानं हिशेबात काही फरक पडत नाही.

तिकिटं हवी होती माझ्या भाचीला आणि तिच्या मैत्रिणीला. दोघी पुण्यात शिकतात. मी जीएसटीची विवरणपत्रं भरण्याचं काम करतो, त्यामुळे पावती वाचायची झाली की घरात ती माझ्याकडे येते. भाचीनं त्या मुलाचे मेसेज मला पाठवले आणि विचारलं, "मामा, पाच हजार सातशे पंचावन्न हा काही उगाच ठोकून दिलेला आकडा वाटत नाही. असा आकडा कुणी बनवून सांगेल का?"

तिची शंका रास्त होती. सहा हजार म्हणणारा माणूस अंदाजे बोलतोय हे लगेच कळतं, 5,755 म्हणणारा पावती बघून बोलतोय असं वाटतं. आणि हा आकडा खरोखरच कुठून तरी आलेला होता. त्यातला प्रत्येक घटक पुढे सापडला. फक्त ते घटक एका पावतीवरचे नव्हते.

आधी एक गोष्ट बाजूला काढावी लागली. भाचीच्या मनात 5,900 हा भाव स्वस्त म्हणून बसला होता, कारण तिची तुलना वेगळ्याच आकड्याशी चालली होती. सप्टेंबर 2024 मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं बुकमायशोवर आली तेव्हा काय झालं ते तिच्या पिढीला चांगलं आठवतं. डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या त्या तिकिटांचे छापील दर 2,500 रुपयांपासून 35,000 पर्यंत होते. काही तासांतच पुनर्विक्रीच्या परदेशी साइटवर तीच तिकिटं लाखांच्या भावात दिसू लागली. आमचा अशा साइटशी संबंध नाही असं बुकमायशोनं जाहीर केलं, पोलिसांत तक्रार झाली, प्रकरण जनहित याचिकेच्या रूपानं मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयानं ती याचिका फेटाळली. असे नियम करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. या सगळ्या गाजावाजाचा एक परिणाम असा झाला की पुनर्विक्रीचा भाव म्हटलं की लाखाचा आकडा डोक्यात येतो आणि त्याच्याशेजारी दीडपट किंवा दुप्पट भाव अगदी माफक वाटतो. पण हे तिकीट घेताना कोल्डप्लेचा भाव आपल्या काही कामाचा नाही. तुलना करायची ती याच तिकिटाच्या, याच गटाच्या मूळ खर्चाशी.

म्हणून भाचीला सांगितलं की त्या मुलाकडे तिकिटाचा फोटो मागू नकोस, बुकिंगचा अख्खा कन्फर्मेशन मेल माग. क्यूआर कोड, बुकिंग क्रमांक आणि फोन नंबर झाकून दिलास तरी चालेल, असंही त्याला कळव. विकणाऱ्यानं हे झाकायलाच हवं. ते उघडं पाठवलं तर कुणीही त्याचं तिकीट वापरू शकेल, आणि जो ते बिनदिक्कत उघडं पाठवतो तो आणखी किती जणांना पाठवत असेल हा प्रश्न उरतोच. आपल्याला बुकिंगची तारीख, गटाचं नाव आणि रकमेचं विवरण एवढंच हवं होतं.

त्यानं आधी मेल पाठवला नाही. अधिकृत ॲपच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर त्या गटाच्या नावापुढे 4,500 रुपये आणि सोल्ड आउट असं स्वच्छ दिसत होतं. स्क्रीनशॉट खराच होता, आम्हीही ॲप उघडून बघितलं. साइटवरसुद्धा मूळ किंमत म्हणून 4,500 हाच आकडा होता. दोन वेगळ्या ठिकाणी एकच आकडा दिसला की माणूस निर्धास्त होतो. पण दोघांनीही तो एकाच पानावरून उचललेला होता, त्यामुळे ही काही दुहेरी खात्री नव्हती.

इथे छापील किमतीबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मोठ्या मैफलींची तिकिटं हल्ली बऱ्याचदा टप्प्यांनी विकतात. पहिल्या टप्प्यात ठरावीक तिकिटं कमी दरानं येतात, ती संपली की तीच जागा, तेच प्रवेशद्वार, पण दर चढा, असा दुसरा टप्पा उघडतो, मग तिसरा. उभं राहण्याच्या गटात तर कुणी कोणत्या टप्प्यात घेतलं यानं मैदानात काहीच बदलत नाही. म्हणजे एकाच गटाच्या छापील किमती दोन-तीन असतात, आणि ॲपच्या पानावर शेवटी जी दिसत राहते ती सगळ्यात महाग. या कार्यक्रमाच्या त्या गटाचे दर पहिल्या टप्प्यात 3,500, दुसऱ्यात 4,000 आणि तिसऱ्यात 4,500 होते. जुने दर ॲपवर उरले नव्हते, पण आयोजकांनी विक्री सुरू होताना समाजमाध्यमांवर टाकलेल्या जाहिरातीत आणि तेव्हाच्या बातम्यांत ते सापडले. पाच मिनिटांचं काम होतं.

मग प्रश्न उरला की त्या मुलानं तिकीट कोणत्या टप्प्यात घेतलं. भाचीनं पुन्हा मेल मागितला. त्यानं पाठवला, खालचा भाग कापून. तारीख मात्र वरच्या भागात होती. बुकिंग विक्री सुरू झाल्याच्या पहिल्याच दुपारचं होतं. म्हणजे पहिला टप्पा, म्हणजे 3,500. तिनं तसं लिहिल्यावर त्यानं मुकाट्यानं पूर्ण मेल पाठवला. त्यातल्या रकमा अशा होत्या:

```
Ticket price (2 x 3500.00)    7000.00
Convenience fees               590.00
   Base amount                 500.00
   IGST @ 18%                   90.00
Delivery                       150.00
Offer                         -500.00
Amount paid                   7240.00
```

आता 5,755 चा उलगडा करता येतो. त्यानं 4,500 धरले. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणून 810 चढवले, झाले 5,310. त्यात कन्व्हिनियन्स फीचे 295 मिळवले, 5,605 झाले. शेवटी प्रवेशासाठी मनगटावर बांधायचं रिस्टबँड घरपोच येण्याचे 150 मिळवले की बरोब्बर 5,755. चार आकडे, आणि त्यातला एकच या पावतीच्या तिकिटामागच्या हिशेबाशी जुळतो, फीचा.

टप्प्याचा फरक आपण पाहिलाच. त्याहून जास्त लोक फसतात ते जीएसटीत, म्हणून त्यावर जरा थांबतो. तिकिटावर कर आहे हे खरं, आणि तो 18 टक्के आहे हेही या तिकिटापुरतं खरं. पण तो 3,500 च्या आत आहे की वर, हा सगळा प्रश्न आहे. पावतीत नीट पाहिलं तर जीएसटीची ओळ एकाच ठिकाणी आहे, कन्व्हिनियन्स फीच्या खाली. 500 वर 18 टक्के म्हणजे 90. तिकिटाच्या 7,000 खाली कराची ओळच नाही, आणि शेवटच्या बेरजेतही तिकिटावर वेगळा कर आलेला नाही. याचा अर्थ तिकिटाचा कर 3,500 मध्येच सामावलेला आहे. 3,500 ला 118 ने भागून 100 ने गुणलं की मूळ रक्कम 2,966 रुपये 10 पैसे येते आणि कर 533 रुपये 90 पैसे. रिस्टबँडसोबत येणाऱ्या कागदावर हीच फोड असते, कारण तिकिटाचं बिल आयोजकाचं असतं आणि फीचं बिल ॲपच्या कंपनीचं. दोन वेगळे विक्रेते, दोन वेगळी बिलं. ॲपच्या पावतीत फीचा कर दिसतो पण तिकिटाचा दिसत नाही, याचं कारण हेच. विकणारे बहुतेक जण हे मुद्दाम करत नाहीत असं माझं मत आहे. पावतीवर 18 टक्के दिसतात, तिकिटापुढे ते लागलेले दिसत नाहीत, म्हणून ते स्वतः लावून टाकतात. पण कारण काहीही असो, 810 रुपये कुणी कधी भरलेलेच नव्हते.

ज्या कार्यक्रमात कर खरंच वेगळा लागतो तिथे तो पावतीत तिकिटाच्या ओळीखाली स्वतंत्र दिसतो आणि बेरजेत येतो. तो दिसला तर मान्य करायचा, नाही दिसला तर विक्रेत्याच्या तोंडी हिशेबावरून जोडायचा नाही. कराचा दरही सगळीकडे एक नाही. नाटक, संगीताची मैफल अशा कार्यक्रमांचं माणशी 500 रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीतून माफ आहे. त्यामुळे 500 रुपयांच्या नाटकाच्या तिकिटावर कुणी "वर जीएसटी भरलाय" म्हणालं तर तिथेच थांबवायचं. आयपीएलसारख्या सामन्यांच्या तिकिटांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के आहे. सिनेमाला त्याच तारखेपासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 5 टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के. म्हणजे एका ठिकाणचा दर दुसरीकडे नेऊन लावला तरी हिशेब चुकतो.

आता फी आणि घरपोच आकार. कन्व्हिनियन्स फी ही तिकिटामागे लागते. इथे तिकिटामागे 250 आणि त्यावर कर 45, मिळून 295. हा आकडा त्या मुलानं बरोबर धरला होता. पण घरपोच आकार ऑर्डरमागे असतो. एकाच पाकिटात दोन रिस्टबँड येणार, कुरिअर एकदाच होणार, म्हणून 150 एकदाच गेले. त्यानं ते दोन्ही तिकिटांवर पूर्ण लावले, तिथे तिकिटामागे 75 रुपये वाढले. रक्कम छोटी आहे, पण चार-सहा तिकिटांची ऑर्डर फोडून विकताना हीच छोटी रक्कम प्रत्येक खरेदीदाराकडून वसूल होते.

फी मुळात धरावी का, यावर भाचीची मैत्रीण हटून बसली होती. तिचं म्हणणं होतं की छापील किंमत ती छापील किंमत, फी त्याच्या हौसेची. मला हे पटत नाही. हे तिकीट ॲपशिवाय कुठेच मिळत नव्हतं, त्यामुळे 295 रुपये टाळणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि त्या दोघींनी वेळेत घेतलं असतं तर त्यांनीही ते भरले असते. जो खर्च कुणालाही टाळता आला नसता तो मूळ खर्चात धरणं न्यायाचं आहे. सिनेमाचं वेगळं. थिएटरच्या खिडकीवर तेच तिकीट फीशिवाय मिळतं. ऑनलाइन बुकिंगवर अशी फी घ्यायला थिएटरांना मनाई करणारे महाराष्ट्र सरकारचे 2013 आणि 2014 चे आदेश मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये रद्द केले, तेव्हा ऑनलाइन फी घेणं गैर नाही. पण कुणी थिएटरबाहेर उभा राहून खिडकीवर काढलेलं तिकीट विकत असेल तर त्याला फी मागायचा हक्क उरत नाही, कारण त्यानं ती भरलेलीच नाही. कागदी तिकिटावर खिडकीचा शिक्का किंवा काउंटरचं नाव असतं, ते बघावं.

बँकेच्या कार्डावर मिळालेली 500 ची सूट मी हिशेबातून बाहेर ठेवली. त्यानं पावतीचा नेमका तोच भाग कापला होता, आणि "मला एवढ्याला पडलं" असं म्हणताना ती लपवली हे बरोबर नाही. पण ती सूट त्याच्या कार्डाची आहे. कुणी बँकेच्या ऑफरवर घेतलं म्हणून तिकिटाची किंमत उतरत नाही. आपण मूळ खर्च शोधतोय, त्याचा खिसा तपासत नाही.

तर सूट धरायची नाही, बाकी सगळं धरायचं. 7,000 अधिक 590 अधिक 150, एकूण 7,740. दोन तिकिटं, म्हणजे एकाला 3,870. त्याच्या 5,755 मध्ये 1,885 रुपये जास्तीचे होते. 1,000 टप्प्याचे, 810 दुसऱ्यांदा लावलेल्या कराचे, 75 कुरिअरचे. आणि ज्या 5,500 ला तो नुकसानीत देत होता त्यात एका तिकिटामागे 1,630 रुपये नफा होता, मूळ खर्चाच्या 42 टक्के.

साइटचा भाव तपासणं त्यामानानं सोपं होतं, फक्त शेवटच्या पानापर्यंत जावं लागलं. 5,900 हा यादीतला भाव. दोन तिकिटं निवडून, नाव-पत्ता भरून, पैसे भरण्याच्या आधीच्या पानावर पोचल्यावर तिकिटामागे 1,475 सेवा शुल्क आणि ऑर्डरमागे 300 हाताळणी असे आकार उगवले. एकूण 15,050. म्हणजे एक तिकीट 7,525 ला, मूळ खर्चाच्या जवळजवळ दुप्पट. यादीतल्या भावाची तुलना 3,500 शी करणं आणि शेवटच्या रकमेची 3,870 शी करणं यात फरक आहे. एका बाजूला फी धरून आणि दुसऱ्या बाजूला न धरता तुलना केली की आकडा कुठल्याही बाजूला झुकवता येतो. दोन्हीकडे शेवटची, कार्डावरून जाणारी रक्कमच घ्यायची. साइट परदेशी चलनात पैसे घेत असेल तर कार्डावरचं चलन-रूपांतर शुल्कही त्यात येतं. ते बँकेच्या स्टेटमेंटमध्येच दिसतं, साइटवर नाही.

साइटच्या बाजूनं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिकीट आलं नाही तर पैसे परत देण्याची हमी अशा साइट देतात, इन्स्टाग्रामवरचा मुलगा देत नाही. पण हमी पैशांची असते, प्रवेशाची नसते. दारावरून परत पाठवलं तर त्या रात्री पैसे परत मिळणार असल्याचा फारसा उपयोग होत नाही.

हिशेब झाल्यावर भाचीनं त्या मुलाला सगळी फोड सरळ लिहून पाठवली, आरोप न करता, आणि 3,870 ला मागितलं. त्यानं थोडी खळखळ केली, मग 4,800 म्हणाला, मग 4,300. तिला वाटलं, जमलं. मलाही भाव वाईट वाटत नव्हता. मूळ खर्चावर 430 रुपये, त्याच्या धडपडीचे समजा.

पण तोवर आम्ही ॲपवरच्या अटी वाचत होतो आणि तिथे भावापेक्षा मोठी अडचण दिसली. रिस्टबँड बुकिंग करणाऱ्याच्या पत्त्यावरच येणार होतं आणि ते घेताना त्याचंच ओळखपत्र दाखवायचं होतं. ॲपमधून तिकीट दुसऱ्याच्या नावे पाठवायची सोय नव्हती. अधिकृत मार्गाशिवाय पुनर्विक्री केलेलं तिकीट रद्द करता येईल, असंही अटींत होतं. हे सगळं त्या मुलानं प्रामाणिकपणे निभावलं असतं असं धरू. तरी एक गोष्ट त्याच्याही हातात नव्हती. कार्यक्रम रद्द झाला तर परतावा मूळ बुकिंगच्या कार्डावर जातो. तोही तिकिटाच्या रकमेचा, कारण अटींप्रमाणे कन्व्हिनियन्स फी आणि घरपोच आकार परत मिळणार नव्हते. म्हणजे भाचीनं 8,600 दिले असते, आणि कार्यक्रम रद्द झाला असता तर जास्तीत जास्त 7,000 परत आले असते, तेही त्या मुलाच्या खात्यात. मैदानावरच्या कार्यक्रमाला अवकाळी पाऊस किंवा परवानगीचा घोळ हे काही अशक्य कोटीतले प्रकार नाहीत. पुनर्विक्रीचा भाव मूळ खर्चाशी ताडून बघताना मला म्हणूनच दुसरा आकडाही लिहायला आवडतो. आज मी किती देतोय याच्याशेजारी, बिघडलं तर किती परत येईल आणि कुणाकडे, हे. अधिकृत खरेदीत तो आकडा 3,500 आणि स्वतःकडे. इथे तो 3,500 आणि परक्याकडे, त्याच्या मर्जीवर.

मी तिला थांबायला सांगितलं, आणि त्यामागे नुसती आशा नव्हती. सोल्ड आउट म्हणजे विक्रीला काढलेली तिकिटं संपली, मैदान भरलं असं नव्हे. रंगमंच, ध्वनियंत्रणा, कॅमेऱ्याचे मनोरे यांसाठी आयोजक काही जागा राखून ठेवतात आणि उभारणीचा आराखडा पक्का झाला की उरलेल्या विकायला काढतात. प्रायोजकांसाठी ठेवलेली आणि त्यांनी न उचललेली तिकिटंही शेवटी येतात. कोल्डप्लेच्या वेळीसुद्धा मुख्य विक्री सप्टेंबरात संपली आणि 22 नोव्हेंबर 2024 ला 2,000 रुपयांची 'इन्फिनिटी' नावाची तिकिटं अधिकृतपणे आली. ज्यांनी मधल्या काळात घाबरून वाटेल त्या भावात घेतलं त्यांनी ही वाट पाहिली असती तर बरं झालं असतं. असं दर वेळी होतंच असं नाही, आणि मोजक्या जागांच्या सभागृहात तर फार कमी होतं. मोठ्या मैदानावर मात्र शक्यता इतकी असते की ॲपमध्ये "तिकीट आलं की कळवा"चं बटण दाबून ठेवणं आणि कार्यक्रमाआधीच्या आठवड्यात रोज एकदा बघणं फुकट जात नाही.

त्या मुलाला तिनं तसं कळवलं. तो म्हणाला, मी थांबणार नाही, दुसऱ्याला देतो. द्यावं, त्याचं तिकीट आहे.

कार्यक्रमाच्या आठवड्यात त्याच गटाची आणखी तिकिटं तिसऱ्या टप्प्याच्या दरानं उघडली, 4,500 नं. फी 295, रिस्टबँड मैदानाबाहेरच्या काउंटरवरून स्वतः घ्यायचं होतं, त्यामुळे घरपोच आकार नाही. एक तिकीट 4,795 ला, दोन 9,590 ला. त्या मुलाच्या शेवटच्या भावापेक्षा एका तिकिटामागे 495 जास्त. भाचीनं ती घेतली. मैत्रिणीला हे विसंगत वाटलं. एवढी घासाघीस करून शेवटी महागच घेतलं, म्हणाली. पण 4,300 आणि 4,795 हे एकाच वस्तूचे दोन भाव नव्हते. दुसऱ्यात बुकिंग भाचीच्या नावावर, रिस्टबँड तिच्या ओळखपत्रावर आणि परतावा झालाच तर 9,000 रुपये तिच्या कार्डावर. त्या हक्कासाठी तिकिटामागे 495 रुपये योग्य आहेत असं मला वाटलं. तो मुलगा तिच्या वर्गातला किंवा ओळखीतला असता, रिस्टबँड हातात घेऊन पैसे दिले असते, तर मीच तिला 4,300 ला घे म्हणालो असतो.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तिनं सहज साइट उघडून बघितली. त्याच गटाची तिकिटं यादीत 3,200 ला दिसत होती. कार्यक्रम सुरू झाला की न विकलेलं तिकीट शून्याचं, त्यामुळे शेवटच्या काही तासांत विकणारे भाव पाडतात. फी धरून ते एक साधारण 4,150 ला पडलं असतं, पण इतक्या उशिरा रिस्टबँड कुणाच्या हातून आणि कुठल्या दारावर मिळणार हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिच्या फोनमध्ये त्या बुकिंगचा मेल अजून आहे, फीच्या बिलासकट. पुढच्या वेळी तिला स्वतःला जाता आलं नाही तर त्याच मेलवरून खरेदीदाराला भाव सांगायचा, असं तिनं ठरवलंय. 4,795, फोड दाखवून.